तासाभराची झोप

"दादा, ऑटोमेशनमध्ये जायचंय, सेलेनियमचा कोणता कोर्स करू?" असे मेसेज सारखे येतात. कोर्स कुठलाही करा हो! मी सहा वर्षं एक्सेलमधल्या टेस्ट केसेस हातानं चालवल्या, मग सेलेनियम शिकलो, आणि पुढचं वर्षभर त्याच केसेस जावामध्ये उतरवून स्वतःला ऑटोमेशन इंजिनिअर म्हणवून घेतलं.

शॉपिंग साइटच्या १८० टेस्ट होत्या. स्क्रीन बदलायच्या आत टेस्ट पुढे पळायची आणि फेल व्हायची, म्हणून मी प्रत्येक टेस्टमध्ये साधारण चार ठिकाणी `Thread.sleep(5000)` टाकलं होतं. १८० गुणिले ४ गुणिले ५ सेकंद. म्हणजे रोज रात्री तासभर मशीन नुसतं झोपा काढायचं.

ते काढायला बसलो. एकूण रकमेचा आकडा दिसेपर्यंत थांबायचं, असं आधी लिहिलं. पण आकडा तर पहिल्यापासून दिसतच असतो, जुना! थांबायचं असतं ते बरोबर आकडा येईपर्यंत. ५०० रुपयांच्या दोन वस्तू, १० टक्क्यांचं कूपन:

```java
wait.until(ExpectedConditions.textToBe(
    By.id("total"), "900"));
```

झोपेचा तास वाचला. पण ही एक टेस्ट अधूनमधून फेल व्हायला लागली. स्क्रीनवर १००० यायचे आणि तसेच राहायचे. डेव्हलपर म्हणाला, "फ्लेकी आहे, परत रन कर." परत केली की पास. आधीचा मी इथंच थांबलो असतो.

या वेळी ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडून बसलो. नग एकाचे दोन केले की एक रिक्वेस्ट जाते, लगेच कूपन लावलं की दुसरी. कधीकधी पहिलीचं उत्तर रेंगाळायचं आणि दुसरीच्या अगदी पाठोपाठ पोचायचं, टेस्टला ९०० दिसायच्या आतच. त्यात कूपनच्या आधीचा हिशोब, म्हणजे १०००. पेज जे शेवटी येईल ते दाखवायचं. सर्व्हरकडे मात्र ९०० च होते, त्यामुळे रिफ्रेश केलं की सगळं आलबेल. मधली पाच सेकंदांची झोप हेच झाकत होती, कारण तेवढ्यात पहिलं उत्तर येऊन गेलेलं असायचं.

पहिल्या रिक्वेस्टचं उत्तर मुद्दाम तीन सेकंद अडवून धरलं, तर दर वेळी स्क्रीनवर आधी ९०० आणि मग परत १०००. मग डेव्हलपरला बोलायला जागा उरली नाही. शिळं उत्तर टाकून द्यायचं, एवढाच त्याचा बदल.

सांगायचं म्हणजे, यात सेलेनियमचं ज्ञान एका ओळीचं. बाकी सगळं एचटीटीपी, ब्राउझर काय करतो ते, आणि उत्तरं क्रमानंच येतील ही आपली भाबडी समजूत. कोर्समध्ये लोकेटर शिकवतात, हे कोणी शिकवत नाही. मात्र नग बदलून घाईनं कूपन लावून बघायची खोड मॅन्युअलच्या काळातलीच, ती सोडू नका.

नंतर सहज जुनी एक्सेल शीट उघडली. "कूपन लावूनही रक्कम कमी होत नाही" असा बग तिथं होता. स्टेटस: नॉट रिप्रोड्युसिबल. बंद करणाऱ्याच्या कॉलममध्ये माझंच नाव.