१७६ टक्के ए विंग

आमच्या सोसायटीत ज्याला एक्सेल येतं त्याला सेक्रेटरी करतात. मला पिव्होट टेबल येतं असं मी गणपतीच्या वर्गणीच्या वेळी फुशारकीने बोलून गेलो होतो, त्याची शिक्षा म्हणून गेलं दीड वर्ष घोडबंदर रोडवरच्या या तीन विंगांचं तक्रार रजिस्टर माझ्या लॅपटॉपमध्ये नांदतंय.

विषय पाण्याचा होता. ठाण्यात राहून विषय दुसरा कशाला असेल म्हणा. प्रेशर नाही, गच्चीवरची टाकी भरत नाही, वगैरे. यंदाच्या बजेटमध्ये एकच पंप बसत होता आणि तो ए विंगला की बी विंगला एवढंच एजीएममध्ये ठरवायचं होतं. मी म्हटलं, भांडायचं कशाला, डेटा बोलेल ना! वर्षभराच्या २०० तक्रारी, पिव्होटमध्ये आडव्या ओळीत विंगा, वर कॉलममध्ये प्रकार म्हणजे पाणी, लिफ्ट, पार्किंग, मग आकड्यावर राइट क्लिक, Show Values As, आणि तिथे जी यादी उघडते त्यातलं % of Column Total मारलं, कारण ते आधी येतं. खरंच, दुसरं काही कारण नव्हतं. त्याच्या खालीच % of Row Total असतं, पण रात्रीचे साडेबारा वाजले होते.

वर आणखी एक हुशारी केली. छापल्यावर छान मोकळं दिसावं म्हणून Design मध्ये जाऊन Grand Totals बंद करून टाकले.

दुसऱ्या दिवशी क्लबहाऊसमध्ये मी कागद वाटले आणि घसा साफ करून म्हणालो, "ए विंगच्या ६० टक्के तक्रारी पाण्याच्या आहेत, सबब पंप ए विंगला." ए विंगवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. बी विंगमध्ये कुजबुज सुरू झाली. मी मनातल्या मनात चहाकडे वळलो सुद्धा.

पण ए विंगमध्ये एक काका आहेत, बँकेतून रिटायर झालेले. फायदा त्यांचाच होत होता हो, पण न जुळणारा कागद त्यांना पाहवत नाही, त्याला काय करणार. ते हिरव्या शाईच्या पेनाने आमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर काहीतरी मांडत बसले होते. मग उभे राहिले.

"सेक्रेटरी, ए विंगचे पाणी ६०, लिफ्ट ४८, पार्किंग ६८.५७. बेरीज १७६.५७ येते. आमची विंग १७६ टक्के तक्रार करते का रे?"

बी विंगमधून आवाज आला, "करते की!"

हसा लेको. मी लॅपटॉप उघडला आणि सगळ्यांसमोर, प्रोजेक्टरवर, राइट क्लिक करून % of Row Total केलं. ए विंगचं पाणी डोळ्यांदेखत ६० वरून ४० वर आलं आणि बी विंगचं ३० वरून ६० वर गेलं. खालचे आकडे तेच, तक्रारी त्याच, एक क्लिक आणि ६० टक्के ए विंगच्या घरातून उठून बी विंगच्या घरी राहायला गेले. एक ताई म्हणाल्या, "हे मशीन मॅनेज झालंय." मला तर आणखी एकच गोष्ट दिसत होती, की दोन्ही वेळेला वरचं शीर्षक Count of प्रकार हेच होतं. टक्के केलेत की मोजलेत, आडवे की उभे, ते शीर्षक काही बोलत नाही. आपणच त्यावर क्लिक करून नाव बदलायचं असतं, पण रात्री साडेबाराला कोण बदलतं.

"एकूण कुठंय?" काका म्हणाले. "एकूण लाव आधी."

Grand Totals चालू केले आणि मग कुठे डोक्यात प्रकाश पडला. उजव्या टोकाला प्रत्येक ओळीपुढे १००.००% दिसत असेल तर ते रो टोटल. तळाशी प्रत्येक कॉलमखाली १००.००% असेल तर कॉलम टोटल. १०० कुठे उभा आहे ते बघायचं, झालं, आणि मी नेमका तोच लपवून कागद वाटला होता. माझा पहिला कागद सांगत होता की पाण्याच्या एकूण ८० तक्रारींपैकी ४८, म्हणजे ६० टक्के, ए विंगमधून आल्या. आणि मी वाचलं ए विंगच्या तक्रारींपैकी ६० टक्के पाण्याच्या. ए विंगच्या तक्रारी होत्या १२०, त्यात पाण्याच्या ४८, म्हणजे ४०. 'पैकी' कोणाच्या पैकी, एवढाच घोळ.

काका पुढे. "आता या 'एकूण'शी ताडून बघ." रो टोटलमध्ये सगळ्यात खालची ओळ सांगते की सोसायटीच्या एकूण तक्रारींत पाणी ४० टक्के. ए विंगही ४० वर, म्हणजे चारचौघांसारखी. बी विंग ६० वर, म्हणजे दीडपट. मी म्हटलं कॉलम टोटलने उत्तर उलटं येईल, करून बघितलं. बी विंगकडे पाण्याच्या तक्रारींतला ३० टक्के वाटा, आणि उजव्या टोकाला सगळ्या तक्रारींतला वाटा २०. परत दीडपट! ए विंग तिकडे ६० आणि इकडेही ६०. म्हणजे नुसते टक्के वाचले तर दोन पिव्होट एकमेकांच्या उरावर बसतात, आणि 'एकूण'ला भागून वाचले की दोघं एकच बोलतात. हे मला दीड वर्षात कळलं नव्हतं, काकांना चहा येईपर्यंत कळलं.

बी विंगने आता टाळ्या वाजवल्या. त्या फार टिकल्या नाहीत, कारण काकांनी विचारलं, "आणि फ्लॅट किती आहेत ते या तुझ्या यंत्राला माहितीये का?"

नाही ना. रजिस्टरमध्ये फक्त तक्रार करणारे असतात, गप्प बसणारे कुठल्याच टोटलमध्ये नसतात. ए विंगचे फ्लॅट ९६, बी विंगचे ४८. पाण्याच्या तक्रारी ४८ आणि २४. म्हणजे दोन्हीकडे दर दोन फ्लॅटमागे एक, बरोब्बर सारखं. बी विंगचं पाणी जास्त वाईट नव्हतंच, ते बिचारे पार्किंग आणि लिफ्टवरून कमी भांडतात म्हणून त्यांच्या १०० टक्क्यांत पाणी मोठं दिसत होतं.

हॉलमध्ये शांतता. पंपाचा ठराव पुढे ढकलला, आधी प्लंबरला बोलवायचं ठरलं. तो आला, दोन वॉल्व्ह अर्धवट बंद होते ते उघडले, ३५० रुपये घेतले आणि गेला.

मी घरी येऊन पिव्होटमध्ये तोच फील्ड Values मध्ये तीनदा टाकला. एकात नुसता आकडा, दुसऱ्याचं नाव 'विंगच्या तक्रारींपैकी %', तिसऱ्याचं 'त्या प्रकारापैकी %'. बायको म्हणाली, "एवढं एजीएमच्या आधी केलं असतंस तर?" मी उत्तर दिलं नाही.

सोमवारी वॉचमनने रजिस्टर आणून दिलं. नवी नोंद भरली, Refresh केलं, तर पिव्होटमध्ये एक नवाच कॉलम उगवला. प्रकार: सेक्रेटरी. विंग: ए. हिरवी शाई. 'विंगच्या तक्रारींपैकी' बघितलं तर ०.८३ टक्के. 'त्या प्रकारापैकी' बघितलं तर ए विंग १०० टक्के.

बायकोला मी ०.८३ वाला दाखवला.