प्लॅन बंद केला, मँडेट मात्र चालूच

गाण्यांच्या ॲपमध्ये जाऊन प्लॅन कॅन्सल केला की पैसे कापले जाणं कायमचं थांबलं, असं समजू नका. प्लॅन असतो कंपनीकडे आणि मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायला तुम्ही दिलेली परवानगी, असतं तुमच्या बँक खात्यावर. पहिलं संपलं तरी दुसरं जागच्या जागी राहतं. ही साधी गोष्ट पैसे घेताना एकही माणूस, एकही स्क्रीन सांगत नाही, आणि म्हणून माझं डोकं फिरलंय.

बाबांना जुनी नाट्यगीतं ऐकायची होती, मध्ये जाहिराती नकोत एवढंच त्यांचं म्हणणं. ॲपवर ऑफर आली: पहिले तीन महिने 2 रुपयांत. त्याखाली फिकट करड्या अक्षरांत, नंतर दरमहा 119 रुपये. बाबांनी बटण दाबलं, यूपीआय ॲप उघडलं, पिन टाकला, झालं. सेट करायला अर्धं मिनिटही लागलं नसेल. त्या अर्ध्या मिनिटात त्यांनी नेमकी कशाला परवानगी दिली, हे मी नंतर मँडेट उघडून वाचलं तेव्हा हादरलेच.

रक्कम 119 नव्हती. तिथे लिहिलं होतं ‘1,500 रुपयांपर्यंत’. वारंवारतेच्या रकान्यात ‘मंथली’ नव्हतं, ‘ॲज प्रेझेंटेड’ होतं, म्हणजे कंपनी मागणी पाठवेल तेव्हा. आणि शेवटची तारीख? 2055 सालची. बाबा आज बहात्तर वर्षांचे आहेत.

याचा अर्थ नीट समजून घ्या. कंपनीने पैशांची मागणी पाठवली की ती मँडेटमध्ये ठरलेल्या मर्यादेत आहे का, हे तपासलं जातं. तुमचा प्लॅन 119 चा की 149 चा, हे बँकेला माहीत नसतं. उद्या कंपनीने दर वाढवला तर वाढीव रक्कम पुन्हा पिन न मागता कापली जाऊ शकते, कारण 1,500 च्या आत सगळं बसतं. अशा नेहमीच्या कपातींसाठी 15,000 रुपयांपर्यंत दर वेळी पिन लागत नाही. पिन लागतो तो सुरुवातीला, एकदाच.

आता नियम काय म्हणतो ते बघा. रिझर्व्ह बँकेने 2019 मध्ये कार्डांवरच्या आवर्ती कपातीसाठी एक चौकट घालून दिली आणि जानेवारी 2020 मध्ये ती यूपीआयलाही लागू केली. रक्कम बदलती असेल तर कमाल मर्यादा ठरवण्याची सोय ग्राहकाला मिळाली पाहिजे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. ग्राहकाला! बाबांच्या स्क्रीनवर 1,500 हा आकडा आधीच भरलेला होता आणि तो बदलायला जागाच नव्हती. घ्यायचं तर असंच घ्या, नाहीतर गाणी ऐकू नका. याला मर्यादा ठरवण्याची सोय म्हणायचं का?

त्याच चौकटीत आणखी एक चांगली तरतूद आहे. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना आली पाहिजे: कोणाला, किती, कधी, कशासाठी. सूचना येते, नाही असं नाही. पण येते कशी? इंग्रजीत, एसएमएसमध्ये, कर्जाच्या ऑफरींच्या ढिगाऱ्यात. आणि नाव असतं कंपनीच्या कायदेशीर नोंदणीचं. गाण्याच्या ॲपचं नाव त्यात कुठेच नाही. बाबा म्हणाले, ‘‘अगं, हे कोण प्रायव्हेट लिमिटेड मला माहीतच नाही. मला वाटलं फसवणुकीचा मेसेज आहे, म्हणून हात लावला नाही.’’ त्यांचं काय चुकलं? अनोळखी मेसेजला हात लावू नका, हे आपणच त्यांना वर्षानुवर्षं सांगत आलोय ना!

तीन महिने संपले आणि 119 जायला लागले. बाबांना ते ॲप वापरायला किचकट वाटत होतं, त्यांनी रेडिओ पुन्हा चालू केला होता. मी प्लॅन कॅन्सल केला. त्यासाठी ‘‘खरंच जाताय?’’, ‘‘एक महिना निम्म्या दरात घ्या’’, ‘‘कारण सांगा’’ अशा पायऱ्या ओलांडाव्या लागल्या. शेवटी ईमेल आला, प्लॅन रद्द झाला म्हणून. त्या ईमेलमध्ये मँडेटबद्दल एक अक्षर नव्हतं.

मी तरीही मँडेट बघायचं ठरवलं, आणि खरा छळ इथून सुरू झाला. बाबांच्या फोनमधल्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे, म्हणजे मँडेट्सची यादी असते तो भाग, शोधायला आधी प्रोफाइलच्या चित्रावर जायचं, मग खाली सरकत राहायचं. पैसे पाठवा, रिचार्ज करा, सोनं घ्या, कर्ज घ्या, हे सगळं पहिल्या पानावर ठळक. तुमच्या खात्यातून दरमहा काय जातंय ते मात्र तळघरात. बरं, तिथे पोचले तर यादी रिकामी! प्लॅन घेताना बाबांकडे दुसरं यूपीआय ॲप होतं. फोनमध्ये जागा नाही म्हणून ते मध्यंतरी काढून टाकलं होतं. ॲप काढल्याने मँडेट जात नाही. ते खात्यावर जिवंत राहतं, फक्त तुम्हाला दिसायचं बंद होतं.

कुठल्या ॲपवरून मँडेट झालंय हे कसं ओळखायचं? प्रत्येक मँडेटला एक यूएमएन क्रमांक असतो. अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक माळ आणि शेवटी @ लावून हँडल, जसं यूपीआय आयडीला असतं तसंच. ते हँडल पाहिलं की ॲपचा माग लागतो. बाबांच्या अगदी पहिल्या एसएमएसमध्ये हा क्रमांक होता. तो एसएमएस राहिला होता म्हणून बरं. नसता तर मी कुठे शोधत बसले असते?

यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ऑक्टोबर 2025 मध्ये परिपत्रक काढलं, की ग्राहकाला आपली सगळी मँडेट्स कुठल्याही यूपीआय ॲपमधून पाहता आली पाहिजेत, आणि त्यासाठी 31 डिसेंबर 2025 ची मुदत दिली. हे 2020 मध्ये, यूपीआय ऑटोपे सुरू झालं तेव्हाच का नव्हतं? पाच वर्षं लोकांनी आपलीच मँडेट्स ॲपागणिक हुडकत फिरायचं? आणि बाबांच्या चालू ॲपमध्ये मला ती सोय अजूनही सापडलेली नाही.

ते जुनं ॲप पुन्हा घेण्याआधी मी फोन करून पाहिले. गाण्याच्या कंपनीची मुलगी म्हणाली, ‘‘मॅडम, तुमचा प्लॅन कॅन्सल आहे, आमच्याकडून काही पेंडिंग नाही.’’ मी म्हटलं, मँडेट चालू आहे त्याचं काय? ‘‘ते तुमच्या बँकेकडे असतं, मॅडम.’’ बँकेत विचारलं तर, ‘‘ज्या ॲपवरून केलंत तिथूनच काढा.’’ यूपीआय ॲपच्या मदत केंद्रात लिहिलं तर उत्तर आलं, व्यापाऱ्याशी संपर्क साधा. तीन दारं, आणि तिन्ही दारांवर दुसऱ्या दाराचा पत्ता!

यातली पहिली टोलवाटोलवी सगळ्यात संतापजनक आहे. कारण मँडेट रद्द करण्याची विनंती व्यापाऱ्याच्या बाजूनेही पाठवता येते, यूपीआयच्या रचनेत ती सोय आहे. म्हणजे ज्या क्षणी मी प्लॅन कॅन्सल केला, त्याच क्षणी कंपनीला मँडेटही संपवता आलं असतं. ते त्यांनी केलं नाही. कारण मँडेट जिवंत असलं की उद्या म्हातारा माणूस चुकून ‘पुन्हा सुरू करा’वर बोट ठेवेल तेव्हा पिनचा अडथळा नको, यापलीकडे मला तरी कारण दिसत नाही.

शेवटी जुनं ॲप पुन्हा टाकलं, सिमवरून नोंदणी केली, खातं जोडलं, ऑटोपे उघडलं. होतं तिथेच, ‘ॲक्टिव्ह’ म्हणून. खाली दोन बटणं. ‘पॉज’ भरीव निळं, ‘रिव्होक’ नुसतं लाल अक्षरांत. रिव्होक म्हणजे कायमचं रद्द; पॉज म्हणजे तात्पुरती स्थगिती, ठरलेली तारीख आली की पुन्हा चालू. घाईतल्या माणसाचं बोट निळ्यावरच जाणार, आणि त्याला वाटणार की सुटलो.

रिव्होक दाबलं आणि स्क्रीनने यूपीआय पिन मागितला. बाबांनी फोन माझ्या हातातून काढूनच घेतला. ‘‘पिन टाकला की पैसे जातात, तूच सांगितलंस!’’ खरंच आहे. पिन फक्त पैसे द्यायला लागतो, असं आपण घराघरांत घोकून घेतलंय. आणि इथे पैसे थांबवायलाही तोच पिन, तशीच स्क्रीन. ‘हा पिन मँडेट रद्द करण्यासाठी आहे, पैसे कापले जाणार नाहीत’ एवढी एक ओळ मराठीत मोठ्या अक्षरांत लिहायला काय खर्च येतो? तिथे होता तो फक्त कंपनीच्या नावाखाली ‘1,500’ हा आकडा. तो पाहून कुठलाही शहाणा माणूस मागे फिरेल. बाबांना समजावता समजावता ती स्क्रीन कालबाह्य झाली आणि सगळं पुन्हा करावं लागलं.

रद्द झाल्यावर तिथली नोंद ‘रिव्होक्ड’ झाली का हे बघा, बँकेचा एसएमएस येतो तो ठेवा, आणि यूएमएन दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. कपातीची सूचना येण्याआधीच हे उरका, ऐन तारखेपर्यंत थांबू नका. आणि आधी गेलेले पैसे रिव्होक केल्याने परत येत नाहीत. बँकेच्या दृष्टीने ती तुम्ही पिन टाकून मंजूर केलेली कपात असते, परतावा कंपनीकडेच मागावा लागतो. बाबांचे 119 चे हप्ते मी मागितलेत. ‘‘धोरणात बसत नाही,’’ असं उत्तर आलं.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला फसवून अडकवणाऱ्या स्क्रीनच्या रचनेविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या तेरा प्रकारांत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’चं नाव आहे: रद्द करण्याचा पर्याय लपवणं, तो किचकट करणं, सूचना गोंधळात टाकणाऱ्या ठेवणं. बाबांच्या बाबतीत यातलं काय झालं नाही? मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर कंपनीची तक्रार नोंदवली आहे, यूएमएन आणि स्क्रीनशॉटसकट. बँकेलाही लेखी दिलंय. 30 दिवसांत धड उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार. रक्कम लहान आहे म्हणून मी हे सोडणार नाही, कारण प्रत्येक जण असंच सोडून देईल या भरवशावरच ही 1,500 ची मर्यादा आणि 2055 ची तारीख बसवलेली आहे.