वाटीभर सोडा आणि बोंबलाचा वास

"फ्रिजमध्ये वाटीत खाण्याचा सोडा ठेवा, सगळा वास शोषून घेतो. मासळीचा वास असेल तर कोळशाचे दोन तुकडे ठेवा आणि महिन्यातून एकदा उन्हात ठेवा, कोळसा पुन्हा नव्यासारखा होतो. एवढं करायचं नसेल तर बाजारातली जेलची डबी आणा. फ्रिज धुवत बसायची गरज नाही!"

मोबाइलवर आलेल्या या फॉरवर्डच्या शेवटच्या वाक्यावरून सुरुवात करतो, कारण खरी गोम तिथेच आहे. पण आधी आमच्या घरात काय झालं ते सांगतो. गणपतीला गावी गेलो आणि मागे घरातला एमसीबी पडला. पाच दिवसांनी दार उघडलं तेव्हा फ्रीजरमधले ओले बोंबील आणि अर्धा किलो कोलंबी यांचं पाणी होऊन खाली भाजीच्या कप्प्यापर्यंत आलं होतं. सगळं फेकलं, आतून पुसून काढलं आणि दोन वाट्या सोडा ठेवला. आठवड्याने दुधाच्या चहालासुद्धा बोंबलाचा वास.

सोड्याची ताकद कमी पडली असं नाही. आंबलेल्या दुधाचा, जुन्या लोण्याचा जो वास असतो तो ब्युटिरिकसारख्या आम्लांचा. चहाचा एक चमचा सोडा, म्हणजे साधारण पाच ग्रॅम, हिशेबाने जवळजवळ तेवढंच ब्युटिरिक आम्ल मारू शकतो. फ्रिजच्या हवेत ते याच्या कणभरही नसतं. अडचण पोहोचण्याची आहे. सोड्याचे कण घट्ट असतात, त्यांना आत छिद्रं नसतात, त्यामुळे काम करतो तो फक्त वरचा थर. हवेतला रेणू भटकत भटकत त्या थराला येऊन टेकला तरच पकडला जाणार. वाटीतला खालचा सगळा सोडा नुसता बसून राहतो आणि आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत वरचा थरही गोळा होऊन बसतो. तेवढ्या वेळात सांडलेल्या दुधाचा डाग नवा वास सोडतच असतो.

मासळीच्या बाबतीत तर सोडा उलट्या बाजूला उभा आहे. समुद्री मासा खराब होताना त्यातल्या एका पदार्थाचं जिवाणू ट्रायमिथाइल अमाइन करतात, आणि ते अल्कधर्मी असतं. सोडाही सौम्य अल्कधर्मीच, तो त्याला काय मारणार? त्याला आम्ल लागतं. आम्लाशी गाठ पडली की त्या अमाइनचं क्षार बनतं, ते हवेत उडत नाही, आणि न उडणाऱ्या गोष्टीचा वास येत नाही. आपल्याकडे मासळीला कोकमाचं आगळ किंवा लिंबू चोळतात त्यामागे हीच गोष्ट आहे. (फ्रिजमधला सोडा मुळात 1972 साली अमेरिकेत एका सोडा कंपनीने जाहिरातीतून घरोघरी नेला. बोंबील तिच्या डोळ्यांसमोर असण्याचं कारण नव्हतं.)

आता कोळसा. फॉरवर्डमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने आल्यात. ज्याला वासाचा कोळसा म्हणून मान आहे तो सक्रिय कार्बन. तो वाफेने किंवा रसायनाने असा पोखरलेला असतो की एका ग्रॅमच्या आतली छिद्रं उलगडली तर कित्येक शे चौरस मीटर पृष्ठभाग भरतो. वांग्याचं भरीत भाजायला आणलेल्या कोळशाला त्याची सर नाही. सक्रिय कार्बन कांदा, लसूण, मसाल्याच्या वासाला बऱ्यापैकी धरतो, पण मासळीतलं अमाइन आणि अमोनिया यांना कमी. शिवाय ओल त्याची छिद्रं भरून टाकते, आणि त्याच्यावरून हवा फिरली तर तो काम करतो. म्हणूनच काही फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये कार्बनचा फिल्टर पंख्याच्या वाटेत बसवलेला असतो, कोपऱ्यात नाही.

उन्हात ठेवून नवा होतो म्हणणं मात्र निव्वळ समाधान आहे. कारखान्यात हा कार्बन परत वापरण्याजोगा करायला सात-आठशे अंशांपर्यंत तापवतात. गच्चीवर तो वाळतो, वरवरचं थोडं उडून जातं, आत घट्ट बसलेलं तिथेच राहतं.

जेलबद्दल थोडक्यात. बहुतेक डब्या हळूहळू सुकत सुवास सोडतात, म्हणजे एका वासावर दुसरा चढवतात. काहींत शोषणारा घटकही असतो, तो डबीवर लिहिलेला असेल तर पाहा. लिंबाचा वास आला म्हणजे बोंबील गेला, असं नाही. त्यात आपलं नाकही फसवं. सतत येणारा वास काही मिनिटांत जाणवेनासा होतो, म्हणून घरच्यांना "गेला की वास!" आणि पाहुण्याला दार उघडताच भपकारा.

मग आमच्याकडे तो गेला कसा? उगम सापडल्यावर. ओल्या टिश्यूने एकेक जागा वेगवेगळी पुसायची आणि टिश्यू बाल्कनीत नेऊन हुंगायचा. फ्रिजच्या शेजारी उभं राहून सगळंच एकसारखं वाटतं. आमचे तळ, भिंती साफ निघाले. दाराच्या रबराच्या घडीतून पुसलेला टिश्यू पिवळा, आणि मागच्या भिंतीखाली पाणी जायचं जे छोटं भोक असतं तिथला तर नाकाजवळ नेववेना. त्या भोकातलं पाणी नळीने मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये पडतं. मेकॅनिकने प्लग काढून फ्रिज ओढला, ट्रे बाहेर काढला, तर त्यात कोलंबीचं पाणी आटून तपकिरी पापुद्रा झालेला. खाली कॉम्प्रेसर गरम, म्हणजे आम्ही दिवसरात्र मंद आचेवर तेच शिजवत होतो.

ट्रे आणि कप्पे साबणाच्या गरम पाण्याने धुतले (काचेचे कप्पे आधी बाहेर काढून कोमट होऊ द्या, थंड काचेवर गरम पाणी पडलं तर तडकते). भोकात कोमट साबणपाणी ओतून ते ट्रेपर्यंत स्वच्छ येतं का ते पाहिलं. रबराची घडी जुन्या टूथब्रशने घासली. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन सगळं पुसलं. दुधाचा वास असता तर इथे व्हिनेगरऐवजी सोड्याचं पाणी घेतलं असतं. दोन्ही एकत्र करू नका, फसफस छान दिसते पण दोघं एकमेकांनाच मारतात आणि हाती खारट पाणी उरतं. व्हिनेगर आणि ब्लीच तर कधीच नाही, क्लोरीन वायू सुटतो.

एवढं करूनही फिकट वास होता, तो आतल्या प्लास्टिकमध्ये मुरलेला. त्यावर उपाय वेळ आणि हवा. फ्रिज बंद करून, दारात टॉवेलची गुंडाळी अडकवून तो दोन दिवस उघडा ठेवला. लहान मूल घरात असेल तर दार उघडंच राहील असं घट्ट अडकवा. त्यानंतर चुरगळलेल्या वर्तमानपत्रांनी भरून आणखी तीन दिवस. सक्रिय कार्बनची पिशवी आम्ही यानंतर ठेवली, आधी नाही.

खात्री बर्फाने केली. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये दोन्ही कप्प्यांतली हवा बहुधा एकच फिरते, आणि बर्फ वास पटकन धरतो. नवा बर्फ रात्रभर जमू दिला, सकाळी साध्या पाण्यात वितळवून प्यालो. काही लागलं नाही. इतकं करूनही बर्फाला वास लागत असता, तर पाणी भिंतीमागच्या फोममध्ये शिरलंय असं समजून नवा फ्रिज बघायला निघालो असतो, कारण तो फोम बाहेरून धुता येत नाही.