बंड्या ‘स्वतःच थांबला’, त्याची गोष्ट

“कुत्र्यासोबत धावा, दोघंही फिट राहा! १) कुत्रा लांडग्याचा वंशज आहे, पहिल्याच दिवशी ५ किमी सहज पळतो. २) दमला की तो स्वतःच थांबतो, काळजी नको. ३) उष्णतेचा त्रास नको म्हणून अंगावर ओला टॉवेल टाका. ४) पट्टा कमरेला घट्ट बांधा, हात मोकळे राहतील. ५) सकाळी ८ च्या आत कितीही पळवा. सर्व श्वानप्रेमींना पाठवा.”

हा मेसेज मला आत्तापर्यंत चार ग्रुपवर आला आणि चारही वेळा मी दुर्लक्ष केलं, कारण प्रत्येक फॉरवर्डला उत्तर देत बसलं तर माणसाला दुसरं काही करायलाच नको. पण मार्चच्या शेवटी माझ्या मावसभावाने, म्हणजे संभाजीनगरला राहणाऱ्या, तोच मला पाठवला आणि खाली लिहिलं, “ताई, उद्यापासून बंड्याला नेतोय.” मी तो मेसेज बघितला दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला. तोपर्यंत बंड्या सलाईनवर होता.

बंड्या म्हणजे तीन वर्षांचा लॅब्रॅडॉर, वजन ३८ किलो, त्यातले पाच-सहा किलो मावशीच्या हातच्या तूप-पोळीचे. रोजचा व्यायाम म्हणजे सोसायटीला दोन चकरा आणि गेटवर उभं राहून स्विगीवाल्यांवर भुंकणं. तर त्या दिवशी हे दोघं ७:२० ला निघाले, मोबाइलवर २६ डिग्री दाखवत होतं, म्हणजे आपल्याकडच्या माणसाला मस्त सकाळ. पहिला किलोमीटर बंड्या पुढे, दोरी ताणून. दुसऱ्यात बरोबरीने. दुसरा संपता संपता मागे पडायला लागला, दोरी आता उलट्या बाजूने ताणली गेली, आणि भाऊ म्हणाला आळशीपणा करतोय, “चल बंड्या चल” करत ओढला. आणखी सात-आठशे मीटर गेल्यावर एका कडुलिंबाखाली बंड्या आडवा झाला.

म्हणजे मुद्दा क्रमांक दोन खरा ठरला की, थांबला ना स्वतः! मला राग याचाच येतो. अर्धी गोष्ट मी मान्य करते, मोकळ्या माळावर सोडलेला कुत्रा बऱ्याचदा स्वतःचं स्वतः बघतो, पळतो, सावलीत बसतो, डबक्यात लोळतो, परत पळतो. पण दोरीला बांधला की वेग तुमचा, रस्ता तुमचा, थांबायचं कुठे हेही तुम्हीच ठरवणार, आणि त्याला एवढंच कळतं की आपला माणूस पळतोय तर आपणही पळायचं. लॅब्रॅडॉरसारखा माणसाला खूश ठेवणारा कुत्रा तर पाय लटपटेपर्यंत येतो. त्याचं थांबणं ही सूचना नसते, सूचना अर्ध्या किलोमीटरमागे येऊन गेलेली असते.

ती सूचना दिसते कशी ते सांगते. सगळ्यात आधी दोरी सांगते. जो कुत्रा पुढे किंवा शेजारी होता तो तुमच्या कमरेच्या रेषेच्या मागे गेला की थांबायचं, कारण शोधत बसायचं नाही. मग जीभ: नुसती बाहेर नाही, टोकाला रुंद चमच्यासारखी पसरलेली आणि कडा वर वळलेल्या. हिरड्या नेहमीपेक्षा लालभडक. लाळ घट्ट, चिकट. रस्त्याच्या कडेच्या प्रत्येक सावलीकडे ओढा. यानंतरची पायरी म्हणजे हाकेला ओ न देणं, मागचे पाय वाकडेतिकडे पडणं, उलटी, जुलाब, आणि तिथे तुम्ही धावणारे राहत नाही, पेशंटचे नातेवाईक होता.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडासा पंजांच्या गाद्यांना येतो, त्याने काही भागत नाही. तो थंड होतो मुख्यतः धापा टाकून, जीभ आणि नाकातोंडातल्या ओलाव्याची वाफ करून. पळताना स्नायू उष्णता तयार करत असतात, ती बाहेर टाकायला एवढीच वाट, वर केसांचा कोट आणि चरबी. हवा दमट असली की वाफही नीट होत नाही, म्हणून मुंबईची किंवा कोकणातली २८ डिग्रीची सकाळ संभाजीनगरच्या कोरड्या २८ पेक्षा वाईट. पग, शिह त्झू, बुलडॉग यांची ही वाट मुळातच चिंचोळी असते, त्यांना पळवायचंच नाही, विषय संपला.

आणि हे फक्त कडक उन्हात होतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एकच आकडा देते. ब्रिटनमधल्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या व्हेटकंपास प्रकल्पात तिथल्या दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या, पेपर २०२० चा आहे. उष्माघाताच्या ज्या केसेसमध्ये कारण कळलं त्यातल्या सुमारे ७४ टक्के व्यायामामुळे झालेल्या, आणि बंद गाडीत अडकून झालेल्या फक्त ५ टक्क्यांच्या आसपास. ब्रिटन! जिथे २५ डिग्री झालं की लोक बागेत जाऊन आडवे पडतात. त्यामुळे मुद्दा पाचमधलं घड्याळ बघून काही कळत नाही, थर्मामीटर आणि दमटपणा बघा. माझा स्वतःचा हिशोब असा, २० च्या खाली पळायचं, २० ते २५ मध्ये थोडं आणि हळू, २५ च्या वर फक्त चालायचं, आणि वजनदार किंवा दाट केसांचा कुत्रा असेल तर हे आकडे अजून दोन-तीनने खाली. संध्याकाळी डांबर सूर्य मावळल्यावरही बराच वेळ तापलेलं असतं, तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा, टेकवत नसेल तर त्याचे पंजेही टेकवू नका.

आता टॉवेल. खरं तर सगळ्यात संतापजनक हाच, कारण वाचायला किती मायेचं वाटतं. भावाने नेमकं तेच केलं, टपरीवरून पाण्याची बाटली घेतली, गळ्यातला नॅपकिन भिजवला, बंड्याच्या पाठीवर पसरला, आणि तसाच काचा बंद गाडीत घालून पंधरा मिनिटांवरच्या डॉक्टरांकडे. तिथे ताप निघाला १०६.५. कुत्र्याचं नॉर्मल साधारण १०१ ते १०२.५ असतं. ओलं कापड काही मिनिटांत अंगाइतकंच गरम होतं, मग ते थंड करत नाही, झाकून ठेवतं, खालची वाफ अडते आणि वारा कातडीपर्यंत पोचत नाही. म्हणजे आजारी कुत्र्याला घोंगडी पांघरली. थंड करतं ते पाणी अधिक वारा.

तर करायचं असं. पळणं बंद, सावली, आणि मिळेल ते साधं पाणी थेट अंगावर ओतायचं, ओततच राहायचं, पोटाखाली, जांघेत, काखेत, केस बोटांनी उकलून कातडीपर्यंत. बरोबरीने वारा, पुठ्ठ्याने घाला नाहीतर पंख्याखाली न्या. तरुण धडधाकट कुत्रा असेल तर पाण्याच्या टबात बसवलं तरी चालतं, डोकं वर धरून. थंड पाण्याने शॉक बसतो ही जुनी भीती आहे, त्या भीतीपोटी वाट बघत बसू नका. फक्त उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी आधी हातावर घेऊन बघा, दुपारी ते चहाला चालेल इतकं असतं. गुंगीत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही, फुफ्फुसात जातं. आणि पहिली काही मिनिटं हे केल्यावरच दवाखाना, जातानाही एसी किंवा खिडक्या उघड्या आणि अंग ओलं. आधी थंड करा, मग न्या, हा क्रम. शुद्धीवर आला, शेपटी हलवली तरी दवाखाना चुकवायचा नाही, कारण किडनी आणि रक्त गोठण्याची गडबड पुढच्या दोन-तीन दिवसांत वर येते. बंड्याची रक्ततपासणी तीन दिवस चालली. वाचला.

लांडग्याबद्दल फार लिहित नाही. आपल्याकडे सासवड-जेजुरीच्या माळावर लांडगे आहेत, उन्हाळ्याच्या दुपारी ते सावली धरून पडलेले असतात, फिरतात ते रात्री आणि पहाटे, आणि त्यांना कोणी तूप-पोळी देत नाही. अलास्कातल्या स्लेज कुत्र्यांचे व्हिडिओही पाठवू नका, ते बर्फात पळतात आणि त्यांचीही तयारी हवा थंड झाल्यावर छोट्या अंतरांपासूनच सुरू होते.

अंतर वाढवायचं कसं, तर बंड्याचंच सांगते. डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत नुसतं चालणं, मग पावसाळ्यानंतर हवा निवल्यावर पळायला सुरुवात. आठवड्यातून तीन दिवस, मधे सुट्टी. पहिले दोन आठवडे २५ मिनिटं, त्यात एक मिनिट हळू पळणं आणि चार मिनिटं चालणं. पुढचे दोन, दोन मिनिटं पळून तीन चालणं. त्यानंतर आठवड्याला एकूण वेळेत दोन-तीन मिनिटांची वाढ, आणि दर चौथ्या आठवड्याला पुन्हा कमी. दम लवकर वाढतो हो, पण सांधे आणि पंजांच्या गाद्या मागे राहतात, म्हणून पळून आल्यावर पंजे उलटून बघायचे, चकाकी, चीर, फोड. दुसऱ्या दिवशी उठताना आखडतोय का, जिना चढायला कां-कू करतोय का ते बघायचं, आखडला तर मागच्या आठवड्याच्या पायरीवर परत. सलग ५ किमीला तीन महिने लागतील असं धरून चाला. पिल्लांना वर्षभर तरी असलं काही नाही, मोठ्या जातींना दीड वर्ष, हाडांची वाढीची टोकं तोवर बंद झालेली नसतात. आणि भरल्या पोटी नाही, जेवणानंतर दोन-तीन तास जाऊ द्या.

राहिला पट्टा. कमरेचा बेल्ट चांगला असतो, मी स्वतः वापरते, पण ‘घट्ट बांधा’ म्हणणाऱ्याने एकदा पुण्यातल्या गल्लीतून पहाटे सहाला पळून दाखवावं. माझी टिकली देशी, १७ किलोची, तरी कोपऱ्यावरची चार कुत्री अंगावर आल्यावर तिने अशी झेप घेतली की मी गुडघ्यावर, आणि गाठ सुटेना. तेव्हापासून बेल्टला एका ओढीत सुटणारा हूक, मधे ताण खाणारी लवचिक दोरी, लांबी दीड मीटरच्या आसपास, आणि टोक गळ्याच्या पट्ट्याला नाही तर छातीवर वायच्या आकारात बसणाऱ्या हार्नेसला, ज्याच्याखाली दोन बोटं जातील. हातात धरत असाल तर मनगटाला गुंडाळायची नाही. आपोआप गुंडाळणारी लांब दोरी पळताना नको. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं, कुत्रा तुमच्या उजवीकडे, म्हणजे गाड्यांपासून लांब. गल्लीतली कुत्री दिसली की लांबूनच पळणं थांबवून चालायचं, पळणाऱ्यामागे ती जास्त लागतात.

आणि दोरी किंचित सैल असली पाहिजे, कारण कुत्रा मागे पडायला लागला हे तुम्हाला तीच सांगते. आपणच ओढत असलो तर ते कळणार कसं?

परवा भावाचा मेसेज आला, “ताई, ५:४० ला २६ होतं, चालूनच आलो.” खाली बंड्याचा फोटो, अर्थातच गेटवर.