क्लाउड किचनच्या ‘पंचाहत्तर टक्क्यां’बाबत खुलासा

“ॲप पंचवीस टक्के घेतं, उरलेले पंचाहत्तर आपलेच, त्यात निम्मा नफा कुठे गेला नाही!”

जेवण घरपोच पोहोचवणाऱ्या ॲपवरून विक्री करणारे क्लाउड किचन, म्हणजे बसून खाण्याची सोय नसलेले स्वयंपाकघर, सुरू करताना असे म्हटले जाते, पण ते खरे नाही. हिशेब २०० रुपयांच्या मसालेभाताच्या एका पार्सलवर करून पाहावा. नव्या किचनला ऑर्डर मिळवण्यासाठी बहुधा स्वतःच्या खिशातून सवलत द्यावी लागते. ती २० टक्के धरली तर विक्री १६० रुपयांवर येते. त्यावर २५ टक्के कमिशनचे ४० रुपये आणि कमिशनवरील १८ टक्के जीएसटीचे ७ रुपये २० पैसे कापले जातात, म्हणजे हाती ११२ रुपये ८० पैसे येतात. शिधा आणि गॅस ६६ रुपये, तर डबा, कोशिंबिरीची झाकणाची वाटी, चमचा आणि पिशवी मिळून १४ रुपये धरल्यास ३२ रुपये ८० पैसे उरतात. (वाटी गळली आणि परतावा द्यावा लागला, तर दोन-तीन पार्सलांची कमाई एका फटक्यात जाते.)

रोज २५ ऑर्डर आल्या तरी महिन्याला २४,६०० रुपये होतात, आणि त्यातून १२,००० मदतनिसाला, ८,००० भाड्याला गेल्यावर ४,६०० उरतात. वीजबिल व स्वतःची मजुरी अजून त्यातूनच काढायची असते. करारातील टक्का निराळा असल्यास आकडे बदलतील, मात्र दर ठरवताना सवलत आधी वजा करावी.