पावणेनऊ टक्क्यांची बायको

पाडव्याच्या दिवशी आमच्या घरात गुढी आणि वजनकाटा एकाच मुहूर्तावर उभे राहिले. माझी साखर काठावर आली होती. डॉक्टर म्हणाले, "आत्ताच्या वजनाच्या पाच टक्के उतरवा, साखरेत आणि रक्तदाबात फरक दिसायला लागेल." माझं वजन अठ्ठ्याण्णव किलो. म्हणजे चार किलो नऊशे ग्रॅम. बायकोचं छप्पन्न, उंची चार फूट दहा इंच. ती म्हणाली, "अहो, मीही करते तुमच्याबरोबर." मला वाटलं, सोबत करतेय.

पहिल्या आठ दिवसांत माझे पावणेदोन किलो गेले. मी शेजाऱ्यांना सांगून आलो. बायको म्हणाली, "फुशारकी नको, ते पाणी आहे." भात-साखर कमी केली की शरीरातला साखरेचा साठा आधी संपतो आणि तो साठा आपल्या तिप्पट पाणी धरून बसलेला असतो, ते पाणी निघून जातं. पुढच्या तीन आठवड्यांत काटा जेमतेम अर्धा किलो सरकला, तेव्हा मी शेजाऱ्यांना टाळू लागलो.

गणपती आले. सकाळी, चहाच्या आधी, त्याच काट्यावर आम्ही दोघं चढलो. माझे ४.९ किलो कमी आणि तिचेही ४.९. मी टाळीसाठी हात पुढे केला. तिने हातात पेन्सिल घेतली. ती शाळेत सातवीला गणित शिकवते, हे इथे सांगायला हवं.

"तुमचे ४.९ भागिले ९८, गुणिले शंभर. पाच टक्के. माझे ४.९ भागिले ५६. पावणेनऊ."

"पण किलो तर सारखेच ना?"

"शंभर रुपयांची सूट पैठणीवर मिळाली तर दुकानदाराशी बोलतही नाही मी. तीच दीडशेच्या कुर्तीवर मिळाली तर मैत्रिणींना फोन करते."

पावणेनऊ गाठायला मला साडेआठ किलोंच्याही थोडं वर उतरवावं लागलं असतं. अन्याय दुहेरी होता, म्हणजे असं मला वाटत होतं. तिने तोही मोडून काढला. मोठ्या देहाला नुसतं बसून राहायलाही जास्त अन्न लागतं. तोच तळ्याभोवतीचा फेरा मारताना मी अठ्ठ्याण्णव किलो ओढत होतो, ती छप्पन्न. त्यामुळे माझी जास्त ऊर्जा जळत होती. वर मी दोन पोळ्या सोडल्या तरी ताटात चार उरायच्या. तिने दोन सोडल्या की एकच. थोडक्यात, माझा किलो स्वस्तात गेला होता, तिचा महागात.

मग मी छेदावर हात फिरवायला गेलो. "आजच्या वजनाने भागू या. ४.९ भागिले ९३.१. सव्वापाचच्याही वर जातो मी!" तिने शांतपणे स्वतःचेही आजच्या वजनाने काढले. साडेनऊच्या पुढे. "छेद नेहमी सुरुवातीचा," असं म्हणून तिने माझी वही बंद केली. सातवीतली पोरंही अशी हुज्जत घालतात म्हणे.

एवढ्यात आई गंमत म्हणून काट्यावर चढली. पंचेचाळीस. पाडव्याला अठ्ठेचाळीस होती. मी म्हणालो, "अगं आई, तू काही न करता तीन किलो!" आणि हसलो. तीन हा आकडा माझ्या पोटाच्या मानाने किरकोळच. बायको हसली नाही. तीन भागिले अठ्ठेचाळीस, सव्वासहा टक्के. माझ्यापेक्षा जास्त, आणि तेही कुठलाही प्रयत्न न करता.

आमचे डॉक्टरही हसले नाहीत. सहा महिने ते वर्षभरात मुद्दाम काही न करता पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरलं, विशेषतः उतारवयात, तर कारण शोधायचंच, म्हणाले. साखर, थायरॉइड, छातीचा फोटो, पोटाची सोनोग्राफी. चार दिवस मला पोळी गोड लागली नाही. सगळं ठीक निघालं. मग डॉक्टरांनी आईला तोंड उघडायला लावलं. कवळी सैल झाली होती. भाकरी चावता येईना म्हणून बाई पाच महिने पेज आणि चहात बुडवलेल्या बिस्किटांवर होत्या. "तुमच्या दोघांच्या पथ्यात कोण सांगत बसणार," म्हणाली.

नवी कवळी बसली. दिवाळीपर्यंत आई साडेसेहेचाळीस झाली. मी वही उघडली: दीड किलो वाढ, पंचेचाळिसाने भागायचं की अठ्ठेचाळिसाने, यावर आम्ही नवराबायको फराळाच्या ताटाशी भांडत होतो.

"कशानेही भागा," आई म्हणाली, "पण आधी ती चकली इकडे द्या."