वजनकाटा नसेल तर: वयाचं सूत्र की दंडाचा घेर आणि उंची?

«वजनकाटा नसला तरी काही अडत नाही. 1 ते 6 वर्षांच्या मुलाचं वजन म्हणजे वयाची दुप्पट अधिक 8. वय आईला विचारलं की झालं. दंडाचा घेर कुपोषण ओळखायला असतो, त्यावरून वजन कळत नाही. शिवाय मोजमापात चुका होतातच, सूत्रात होत नाहीत.»

औषधाचा डोस ठरवायला मुलाचं वजन लागतं, तेव्हा असं सांगितलं जातं. सूत्रापासून सुरुवात करू. ते सांगतं ते त्या वयाच्या नीट वाढलेल्या मुलाचं वजन. समोरचं मूल तसं वाढलं आहे का, हे त्याला कळायला काही मार्गच नाही. ब्रिटनमध्ये आपत्कालीन बालरोग प्रशिक्षणात 1 ते 10 वर्षांसाठी हेच सूत्र शिकवत. तिथली मुलं जड झाल्यामुळे मोठ्या मुलांचं वजन कमी निघू लागलं, म्हणून 2011 मध्ये 6 वर्षांपुढे वयाची तिप्पट अधिक 7 असं सूत्र आलं. मेळघाटातल्या किंवा धडगावच्या खुरटलेल्या मुलावर हेच सूत्र लावलं की चूक उलट्या दिशेने होते. वजन जास्त धरलं जातं आणि औषधही जास्त जातं.

एक उदाहरण घेऊ. मुलगा 2 वर्षांचा, आडवं झोपवून मोजलेली लांबी 80 सेंमी, दंडाचा घेर 12 सेंमी, पायांवर सूज नाही. सूत्राने वजन 12 किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या लांबीनुसार वजनाच्या तक्त्यात 80 सेंमीच्या मुलग्याचं मध्यावरचं वजन 10.4 किलो, उणे 2 एसडीला, म्हणजे मध्यापासून दोन प्रमाण विचलनं खाली, 8.9 आणि उणे 3 ला 8.2 आहे. म्हणजे हा मुलगा अंगाने चांगला भरलेला असता तरी सूत्राने दीड किलो जास्तच सांगितलं असतं. 12 सेंमीचा दंड तर तो बारीक असल्याचं सांगतो (11.5 ते 12.5 हा मध्यम तीव्र कुपोषणाचा पट्टा), म्हणून अंदाज 9 किलोच्या आसपास धरायचा. दंड आणि एसडी यांची जोडी प्रत्येक मुलात जुळत नाही, त्यामुळे 9 हा आकडा अर्धा-पाऊण किलोने इकडेतिकडे होईल. तरी 12 पासून तो लांबच राहतो. जेंटामायसिन किलोला 7.5 मिग्रॅ धरलं तर सूत्राने 90 मिग्रॅ होतं आणि 9 किलोला 67.5. एक तृतीयांश डोस जास्त, तोही मूत्रपिंडाला आणि कानाला इजा करू शकणाऱ्या औषधाचा.

वयाचंही तेच. जन्मनोंद हाताशी नसेल तर ‘तिसरं चालू’ आणि ‘तीन पूर्ण’ यांत सहज गोंधळ होतो. त्या एका वर्षाने सूत्र 2 किलोने सरकतं. 9 किलोच्या मुलाला ही फार मोठी चूक आहे.

दंडाबद्दलच्या आक्षेपात थोडं तथ्य आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. नुसत्या दंडावरून वजन काढू नये, हे लहान मुलांपुरतं खरंच. हाँगकाँगच्या मुलांवरून 2010 मध्ये मांडलेलं सूत्र, घेरातून 10 वजा करून तिप्पट, शाळकरी वयात बरं चालतं. वरच्या उदाहरणातल्या मुलाला लावलं तर 6 किलो येतं, आणि 15 सेंमी दंडाच्या गुटगुटीत वर्षाच्या बाळाला 15 किलो! दोन्ही चूक. पहिल्या वाढदिवसापासून पाचव्यापर्यंत दंड फार थोडा वाढतो, म्हणून तो मूल किती मोठं आहे हे सांगत नाही, अंगावर किती मांस आहे तेवढं सांगतो. मूल किती मोठं आहे हे लांबी सांगते. दक्षिण आफ्रिकेतली पॉपर एक्सएल-मॅक ही पट्टी याच तत्त्वावर चालते: आधी लांबी, मग त्या लांबीच्या रकान्यात दंडाच्या घेरानुसार वजन. अशी पट्टी किंवा तयार तक्ता असेल तर तोच वापरावा.

मोजमापातल्या चुका मात्र खऱ्या आहेत आणि त्या कुठे होतात ते ठाऊक आहे. डावा हात कोपरात काटकोनात वाकवून खांद्याच्या हाडाच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंत अंतर घ्या, मध्यावर खूण करा, मग हात सैल सोडून घेर मोजा. टेप त्वचेला लागलेला हवा, रुतलेला नको. शरीराचा जाडेपणा घेराच्या वर्गाप्रमाणे बदलतो असं ढोबळ धरलं, तर 12 ऐवजी 11.5 वाचल्याने अंदाज 8 टक्के घसरतो. लांबीत 2 सेंमी चुकलं तर फरक त्याहून कमी पडतो. म्हणून दंड दोनदा मोजा. 87 सेंमीपेक्षा कमी असलेलं मूल झोपवूनच मोजा, कारण उभ्याने आकडा सुमारे 0.7 सेंमी कमी येतो.

दोन्ही पायांवर दाबल्यावर खड्डा राहणारी सूज असेल, तर यातल्या कुठल्याच पद्धतीवर विसंबू नका. साठलेलं पाणी दंडात दिसेलच असं नाही आणि अंदाजातही धरलेलं नसतं. अशा मुलाला, आणि डोस ठरवायला वेळ असेल तेव्हा प्रत्येकच मुलाला, लटकत्या काट्यावर तोलावं.